प्रिन्सेस कटची शिवण आणि वळणाचा हिशोब

आपल्याकडे ब्लाऊज शिवायला टाकताना टेलर विचारतो, "साधा टक्सचा, कटोरी की प्रिन्सेस?" यातला प्रिन्सेस म्हणजे कुठली राजकन्या, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस होता. शोधायला बसलो राजकन्या आणि अडकलो शिवणीच्या भूमितीत, म्हणून हा लेख जरा लांबला आहे. चहा घेऊन बसा.

आधी कहाणी. साधारण १८५० च्या आसपास युरोपातल्या बायकांच्या अंगात घट्ट बसणाऱ्या चोळीला (बॉडिसला इथे चोळीच म्हणतो) आकार द्यायचे तो टक्सने. कंबरेपासून छातीकडे जाणारे दोन-दोन टक्स दोन्ही बाजूंना, आणि कंबरेला आडवी शिवण. खाली घेरदार स्कर्ट असायचा, त्यामुळे कंबरेच्या खाली कापड कसं बसतं याची फिकीर नव्हती. १८७० च्या दशकात फॅशन उलटी फिरली. घेर गेला आणि १८७४-७५ च्या सुमारास चिलखतासारखी, थेट नितंबांपर्यंत उतरणारी लांब चोळी आली. तिला 'क्युरास' म्हणत, म्हणजे शब्दशः छातीचं चिलखतच. याच काळात गळ्यापासून पायापर्यंत एकसंध उभ्या पट्ट्यांचा, कंबरेला शिवण नसलेला पोशाखही गाजला. तोच 'प्रिन्सेस'.

याचं श्रेय सहसा चार्ल्स फ्रेडरिक वर्थला देतात. हा मूळचा इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा. त्याने १८५८ मध्ये पॅरिसला स्वतःचं दुकान काढलं आणि सम्राज्ञी युजेनीचे कपडे शिवले. प्रिन्सेस म्हणजे वेल्सची राजकन्या अलेक्झांड्रा, तिच्या मानासाठी वर्थने हे नाव दिलं, असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण मला ती जरा जास्तच नीटनेटकी वाटते, कारण एकसंध कापलेल्या पोशाखाला 'प्रिन्सेस' म्हणण्याची पद्धत १८६० च्या दशकातल्या फॅशन-मासिकांतही दिसते. वर्थने हा कट लोकप्रिय केला इतपत मान्य करू आणि पुढे जाऊ.

आता गंमत अशी, की मुंढ्यातून (बाहीचं भोक हो, आर्महोल) निघून कंबरेपर्यंत वळत जाणारी शिवण त्या काळी चोळीच्या पाठीला सर्रास असायची. पुढे मात्र बऱ्याच चोळ्यांत टक्सच राहिले. पुढे ती शिवण आणणं अवघड होतं, कारण पाठ बऱ्यापैकी सपाट असते आणि छाती नसते. हे "नसते" म्हणजे नक्की किती, ते मोजता येतं. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

प्रिन्सेस शिवणीत दोन तुकडे असतात, मधला आणि बाजूचा. मुंढ्यातून येणाऱ्या कटमध्ये मधल्या तुकड्याची कड छातीपाशी आत वळलेली असते आणि बाजूच्या तुकड्याची कड बाहेर फुगलेली असते. समजा मधली कड एकूण ३० अंश आत वळते आणि बाजूची ६० अंश बाहेर. दोन्ही टिपेच्या रेषा लांबीला सारख्या आहेत, म्हणजे शिवता येतात. पण वळणं सारखी नाहीत, आणि जो ३० अंशांचा फरक उरतो तोच छातीचा उभार. साध्या चोळीत तुम्ही ३० अंशांचा टक घेतला असता, तो इथे शिवणीने गिळला आहे. दोन्ही वळणं सारखी असती तर छान नागमोडी शिवण असलेलं सपाट कापड मिळालं असतं, बाकी काही नाही.

टिपेच्या रेषा सारख्या असल्या तरी कापलेल्या कडा सारख्या नसतात, आणि सगळा त्रास तिथून सुरू होतो. टिपेपासून कडेपर्यंतच्या पट्टीला आपले शिंपी मार्जिन म्हणतात. वळणावर कडेची लांबी टिपेपेक्षा किती वेगळी असते, त्याचं सूत्र शाळेतलं आहे:

फरक = मार्जिन × वळणाचा कोन (रेडियनमध्ये)

वळण लहान आहे की मोठं याने काही फरक पडत नाही, एकूण कोन तेवढा महत्त्वाचा. दीड सेंटीमीटर मार्जिन धरलं तर मधल्या तुकड्याची कड टिपेपेक्षा ०.८ सेंटीमीटर आखूड, आणि बाजूच्या तुकड्याची १.६ सेंटीमीटर लांब. शिवण उघडून दोन्ही मार्जिन आपापल्या तुकड्यावर पालथं घातलं की अडचण दुप्पट होते. मधल्या मार्जिनला जिथे जाऊन बसायचं आहे ती जागा टिपेपेक्षा ०.८ ने लांब, म्हणजे एकूण १.६ सेंटीमीटर कापड कमी पडतं. बाजूच्या मार्जिनला उलट तीन सेंटीमीटरच्या वर कापड जास्त होतं. कमी पडलं की ते शिवणीला ओढतं, जास्त झालं की आत गोळा होतं आणि बाहेरून गाठी दिसतात. इस्त्री कितीही तापवा, हे सेंटीमीटर कुठे जात नाहीत. ते कात्रीनेच सोडवावे लागतात.

जुन्या कारागिरांना रेडियन माहीत नव्हते, पण कात्री माहीत होती. एकोणिसाव्या शतकातल्या चोळ्या आतून पाहिल्या तर प्रत्येक तुकडा सुती अस्तरासकट शिवलेला, शिवणी उघडलेल्या, कंबरेपाशी मार्जिनला कट दिलेले आणि कडा हाताने गुंफलेल्या दिसतात. त्यावर देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या (हाड म्हणतात, पण ते हाड नसतं) सुती नळीत घालून बसवलेल्या असत. त्या पट्टीने शिवण उभी ताणली जायची, त्यामुळे थोड्या सुरकुत्या खपून जात. आजच्या ब्लाऊजमध्ये बहुधा ती पट्टी नसते, त्यामुळे कट आणि इस्त्री यांच्यावरच सगळी भिस्त.

माझी मावशी कोल्हापुरात तीस वर्षं ब्लाऊज शिवते. मी तिला फोनवर सूत्र ऐकवलं. ती म्हणाली, "अरे, कट द्यायला हात आखडलास की कापड बोलतं, त्याला कसलं सूत्र!" मग म्हटलं, मावशी, तू नेमकं काय करतेस ते सांग. तिने सांगितलेलं, पॉपलीनसारख्या साध्या सुती कापडासाठी, असं आहे.

आधी फक्त मधल्या, आत वळलेल्या तुकड्यावर टिपेच्या रेषेच्या जरा बाहेर, म्हणजे कडेपासून साधारण १.३ सेंटीमीटरवर, बारीक टाक्यांची एक टीप मारायची. ही कापड ताणू देत नाही आणि कात्रीला कुठे थांबायचं ते सांगते. मग त्या टिपेपर्यंत, टीप न कापता, छातीच्या आजूबाजूच्या वळणात सेंटीमीटर-सेंटीमीटरवर सरळ कट. हे शिवण्याच्या आधी करायचं, कारण कट उघडल्याशिवाय आखूड कड लांब कडेशी जुळतच नाही. त्यानंतर छातीच्या बिंदूची खूण आणि वरखालच्या खुणा जुळवून टाचण्या लावायच्या, कट दिलेला तुकडा वर ठेवून. (१८६३ मध्ये अमेरिकेत बटरिकने मापावार कागदी पॅटर्न विकायला काढले, त्यांवरही छापील रेषा नसत, अशाच खाचा आणि भोकं असत. खूण जुळली नाही तर उभार भलत्याच जागी येतो.)

बहुतेक पॅटर्नमध्ये बाजूच्या तुकड्याची टिपेची रेषा छातीपाशी अर्धा सेंटीमीटर वगैरे जास्त ठेवलेली असते. ती चुणी न पडता पाच-सहा सेंटीमीटरमध्ये मुरवायची. म्हणून तो तुकडा खाली. मशीनचे दाते खालचं कापड जरा जास्त ओढून घेतात. सुती किंवा लोकरीचं कापड असं मुरतं. पॉलिस्टर मुरत नाही, तिथे ही वाढ आधीच कमी करावी.

शिवून झालं की आधी शिवण न उघडता, बंद असतानाच उलट बाजूने इस्त्री. टाके कापडात बसतात. मग मार्जिन छाटून एक सेंटीमीटरवर आणायचं. सूत्र आठवा: मार्जिन दीडचं एक झालं की कमी-जास्त दोन्ही एक तृतीयांशाने घटतं, फुकटात. त्यानंतर बाजूच्या, बाहेर फुगलेल्या मार्जिनमधून छोटे त्रिकोण कापून काढायचे, कारण तिथे कापड जास्त आहे. हे त्रिकोण पलीकडच्या कटांच्या अगदी समोर नकोत, दोन कटांच्या मध्ये हवेत. समोरासमोर आले तर त्या जागी शिवण दोन्हीकडून कमकुवत होते आणि बाहेरून खड्डा दिसतो.

कट किती, यावर माझं आणि मावशीचं एकमत झालं, कारणं वेगळी असली तरी. ३० अंशांच्या वळणात दोनच कट दिले तर प्रत्येक कटापाशी कापड १५ अंश मोडतं आणि बाहेरून कोपरा दिसतो, जुन्या थ्रीडी गेममधल्या चौकोनी चाकासारखा. सहा कट दिले तर प्रत्येकी पाच अंश, डोळ्याला वळण गोल वाटतं. पण सैल विणीच्या कापडात सहा कट म्हणजे सहा ठिकाणी उसवायची भीती. तिथे मार्जिन अजून थोडं छाटून कट कमी ठेवलेले बरे.

आता इस्त्री. सपाट टेबलावर ही शिवण दाबली की तुम्ही शिवणीने मिळवलेले ते ३० अंश चेपून टाकता आणि छातीवर एक कायमची घडी उमटते. त्यासाठी शिंपी लाकडाच्या भुशाने गच्च भरलेली अंडाकृती उशी वापरतात, इंग्रजीत तिला टेलर्स हॅम म्हणतात. उशीच्या फुगवट्यावर शिवण ठेवायची, बोटांनी मार्जिन उघडायचं, आणि इस्त्रीच्या फक्त टोकाने, ओलसर फडक्यावरून, दाबून उचलत जायचं. घासायचं नाही, घासलं की तिरकं कापड ताणतं. मग तिथेच गार होऊ द्यायचं, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. सुताला उष्णता आणि ओल आकार घेऊ देतात, पण तो आकार टिकतो कापड वाळून गार झाल्यावर. विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या सीलीने १८८२ मध्ये घेतलं, म्हणजे क्युरास चोळ्या शेगडीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्रीने आणि ओल्या फडक्यानेच बसवल्या गेल्या. आपल्याकडचा कोळशाच्या इस्त्रीवाला ओल्या फडक्याचा उपयोग अजूनही जाणतो.

इतकं करूनही बिघडलं तर कुठे बिघडलं ते शिवणीवरून कळतं. शिवणीला आडव्या, बारीक लाटा असतील तर कट कमी किंवा उथळ आहेत. उलट बाजूने अजून एक-दोन कट देऊन पाहा, लाट लगेच विरली तर तेच कारण. शिवणीतच एखादी टोकदार चुणी अडकली असेल तर ती मुरवताना पडली आहे, तेवढे चार सेंटीमीटर उसवून परत शिवावे लागतात. बाहेरून मार्जिनची कडच उमटली असेल तर इस्त्री उशीऐवजी टेबलावर झाली आहे, किंवा जाड कापडात दोन्ही मार्जिन एकाच रुंदीचे राहिले आहेत. आणि छातीच्या वर, मुंढ्याजवळ कापड रिकामं फुगत असेल तर कात्री आणि इस्त्री दोन्ही बाजूला ठेवा. तिथे बाजूच्या तुकड्याचं वळणच अंगापेक्षा जास्त आहे. ब्लाऊज उलटा करून घाला, जास्तीचं कापड शिवणीवर टाचणीने चिमटीत धरा, आणि तेवढं बाजूच्याच तुकड्यातून कमी करा, मधल्यातून नाही. "मधल्याला हात लावलास तर गळा सरकतो," इति मावशी.