दोन वाक्यांची बातमी : 1979 आणि 1984

मोठ्या घटनांवर आपण नेहमीच बोलतो. आज बोलूया त्या घटनेच्या पहिल्या बातमीबद्दल. मोबाइलवर झळकते ती ताजी बातमी जेमतेम दोन वाक्यांची असते. पहिल्या वाक्यात पक्के ठाऊक असेल तेवढेच सांगायचे आणि दुसऱ्यात पुढची माहिती देण्याचे वचन द्यायचे. ऐकायला सोपे वाटते, पण आपल्याच देशात पाच वर्षांच्या अंतराने ते दोन वेगवेगळ्या प्रकारे फसले. एकदा पहिले वाक्य चुकले, एकदा दुसरे वाक्य आलेच नाही.

पहिला प्रसंग मार्च 1979 चा. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात अत्यवस्थ होते. आणीबाणीनंतर सत्तेवर आलेले जनता सरकार हे त्यांच्याच आंदोलनाचे फळ, त्यामुळे दिल्लीचे सगळे लक्ष मुंबईकडे लागलेले. अशात पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत जेपींच्या निधनाची घोषणा केली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज थांबले. आकाशवाणीने नेहमीचे कार्यक्रम बंद केले. ठिकठिकाणी शाळा सुटल्या, दुकाने बंद झाली. आणि जेपी जिवंत होते! त्यानंतर ते सहा महिन्यांहून अधिक जगले. 8 ऑक्टोबर 1979 रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले.

आता बातमी देणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. देशाचा पंतप्रधान संसदेत उभा राहून सांगतो आहे. याहून मोठा दुजोरा तो कुठला? बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. सर्वात मोठ्या पदावरचा माणूस म्हणजे सर्वात जवळचा साक्षीदार नव्हे. रुग्ण मुंबईत आणि बोलणारा दिल्लीत. पंतप्रधानांना ती गोष्ट कुणीतरी सांगितलेली होती, त्यांनी स्वतः पाहिलेली नव्हती. मृत्यू झाला की नाही हे सांगू शकणारे लोक होते खाटेजवळचे डॉक्टर.

मग त्या क्षणी बातमी द्यायचीच नाही का? द्यायची, कारण पंतप्रधानांनी संसदेत तसे म्हटले ही स्वतःच एक खरी घटना होती. फक्त ती तेवढीच सांगायची. मी ती अशी लिहिली असती :

«जयप्रकाश नारायण यांचे निधन झाल्याचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत सांगितले, रुग्णालयाने अद्याप दुजोरा दिलेला नाही. जसलोक रुग्णालयातील डॉक्टरांकडून माहिती मिळताच ती कळवू.»

यातला एकही शब्द नंतर खोटा ठरत नाही. शिवाय दुसऱ्या वाक्यामुळे आपल्यावर एक काम येऊन पडते, मुंबईला फोन लावण्याचे. वचन लिहिताना ‘रुग्णालयातील डॉक्टर’ असे लिहावे लागले की आपण त्यांना अजून विचारलेलेच नाही, हे लिहिणाऱ्याच्याच लक्षात येते. दुसरे वाक्य पहिल्याची अशी तपासणी करते.

आणि एक सावधगिरी. दोन ठिकाणांहून तीच बातमी आली म्हणजे दोन साक्षीदार झाले असे नाही. दोघांनीही ती संसदेतल्या त्या एकाच घोषणेवरून घेतली असेल, तर साक्षीदार एकच. म्हणून «तुम्हाला कुणी सांगितले?» हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा आणि माग काढत मुळापर्यंत जायचे.

दुसरा प्रसंग 31 ऑक्टोबर 1984 चा. सकाळी नऊ वाजून गेल्यावर पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर सफदरजंग रोडच्या निवासस्थानी त्यांच्याच दोन अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. त्यांना अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, नेण्यात आले. राष्ट्रपती झैलसिंग परदेशात होते आणि राजीव गांधी पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर. मृत्यूची बातमी बीबीसीने दुपारीच दिली. सरकारी माध्यमांनी मात्र ती संध्याकाळपर्यंत दिली नाही. दूरदर्शनवर सलमा सुलतान यांनी ती वाचली, तेव्हा गोळीबाराला दहा तास उलटून गेले होते. खुद्द राजीव गांधी प्रवासात बीबीसी लावून कानोसा घेत होते. देशाच्या पंतप्रधानांच्या मुलाला परदेशी रेडिओ लावावा लागला, यातच सगळे आले.

डॉक्टरांनी घोषित करण्याआधी मृत्यूची बातमी न देणे योग्यच होते. सकाळी ती कुणी दिली असती, तर 1979 चीच चूक झाली असती. पण मृत्यू सांगता येत नाही म्हणून काहीच सांगता येत नाही, असे नसते. सकाळी एवढे लिहिता येत होते :

«पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर आज सकाळी निवासस्थानी गोळीबार झाला असून त्यांना एम्समध्ये दाखल करण्यात आले आहे. त्यांच्या प्रकृतीविषयी डॉक्टरांचे निवेदन येताच ते प्रसारित करू, तोवर दर तासाला माहिती देऊ.»

यात काय गाळले आहे ते बघा. ‘गंभीर जखमी’ हे शब्द नाहीत, कारण तो निर्णय डॉक्टरांचा. ‘भ्याड हल्ला’ नाही, कारण ते मत आहे. हल्लेखोरांचा धर्मही नाही. पहिल्या तासाला ‘काय झाले’ एवढेच लोकांना हवे असते. त्या संध्याकाळपासून दिल्लीत शिखांवर हल्ले सुरू झाले आणि पुढच्या दिवसांत सरकारी मोजणीनुसारच 2,733 माणसे मारली गेली. ती हिंसा घडवणारे लोक होते आणि ती थांबवायची जबाबदारी असलेले कुचराई करत राहिले. बातमीच्या उशिरावर तो दोष टाकता येणार नाही. पण दिवसभराच्या त्या पोकळीत खरे काय ते विचारायला लोकांना एकही विश्वासाची जागा नव्हती, आणि अशा जागी अफवा फार लवकर येऊन बसते.

वचनाचेही दोन प्रकार असतात, तेही इथे दिसतात. डॉक्टर केव्हा बोलतील हे आपल्या हातात नाही, म्हणून तिथे वेळ द्यायची नाही; ‘निवेदन येताच’ म्हणायचे. दर तासाला बोलणे मात्र आपल्या हातात आहे. तो तास भरला आणि नवे काहीच नसले, तरी «अद्याप नवीन माहिती नाही» असे सांगायला यायचेच. तासाला कुणी आलेच नाही, तर ऐकणारा दुसरीकडे वळतो आणि पुन्हा येत नाही.

मराठीत या कामाचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे ‘समजते’ हा शब्द. «निधन झाल्याचे समजते.» कुणाला समजते? कुणाकडून? लिहिणारा मोकळा सुटतो आणि वाचणारा ते खरे मानून पुढे पाठवतो. ‘समजते’ खोडून तिथे माणसाचे किंवा संस्थेचे नाव लिहून पाहा. नाव लिहिता आले तर ते पहिल्या वाक्यात जाईल. लिहिता आले नाही, तर ती गोष्ट अजून दुसऱ्या वाक्याच्याही पलीकडची आहे.

तुम्ही बडोद्यात असा, बेळगावात असा की इंदुरात, अशी बातमी तुमच्याही घरच्या ग्रुपवर येतच असते. पुढच्या वेळी ती आली, की आधी दुसरे वाक्य शोधा. ते नसेल, तर ती पाठवणाऱ्याने अजून कुणाला विचारलेले नाही असे खुशाल समजा. पुढच्या भागात भेटू.