कपालभाती हा प्राणायाम नाहीच?

आजचा भाग सुरू होतो माझ्या फजितीपासून. हॉस्टेलवर असताना मी एक व्हिडिओ लावून कपालभाती करायला बसलो. सेकंदाला दोन झटके, सलग पाच मिनिटं. म्हणजे हिशोबाने सहाशे. तिसऱ्या मिनिटाला ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली आणि भिंत हलायला लागली. शेजारचा मित्र म्हणाला, "अरे, विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, थांबू नकोस!" मी थांबलो, कारण मला आडवंच व्हावं लागलं.

मग मी शोधायला लागलो की हा प्रकार आला कुठून. शोधता शोधता पोचलो पंधराव्या शतकातल्या 'हठप्रदीपिका' या ग्रंथापर्यंत. लेखक स्वात्माराम. त्याच्या दुसऱ्या अध्यायात प्राणायाम आहे, आणि तिथे पहिलाच धक्का बसतो. ग्रंथात कुंभकाचे, म्हणजे श्वास रोखण्याचे, आठ प्रकार सांगितलेत आणि त्यात कपालभाती नाही! ती आहे षट्कर्मांत, म्हणजे धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या पंगतीत. ही सगळी शरीर साफ करायची कामं. लोहाराच्या भात्यासारखा श्वास भराभर सोडायचा-घ्यायचा, त्याने कफाचे दोष जातात, इतकंच तिथे म्हटलंय.

त्याहून गंमत म्हणजे ही षट्कर्मं सगळ्यांसाठी नाहीत. ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त आहे त्याने आधी ती करावीत, बाकीच्यांनी करू नयेत, असं ग्रंथच सांगतो. म्हणजे कपालभाती ही घर झाडण्यासारखी पूर्वतयारी होती. आपण झाडूलाच देव्हाऱ्यात बसवलं.

मग त्या आठांत काय आहे? प्रत्येकाचं काम वेगळं सांगितलंय. उजव्या नाकपुडीने श्वास घ्यायचा तो सूर्यभेदन, तो वातदोषांवर. घशात हलका आवाज करत श्वास घ्यायचा तो उज्जायी, तो घशातल्या कफावर. जिभेची पन्हळ करून तोंडाने हवा ओढायची ती शीतली, ती पित्त, ताप आणि तहानेवर. भुंग्यासारखा गुंजारव करायचा ती भ्रामरी, ती मनाच्या आनंदासाठी. लक्षात ठेवा, ही परंपरेची भाषा आहे. ताप आला तर शीतली करत बसू नका, डॉक्टरकडे जा.

आता माझ्या मुंग्यांचं काय? इथे लोणावळ्याला जावं लागतं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली तिथे कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. प्राणायामाचं मोल जास्त ऑक्सिजन मिळण्यात आहे, हा समज त्यांना मान्य नव्हता.

आजचं शरीरशास्त्रही तेच सांगतं. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच जवळजवळ भरलेला असतो. भराभर श्वास सोडला की कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. तो फार घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी पोचतं आणि गरगरतं. मुंग्याही त्याच्याच. माझ्या अंगातून विष वगैरे काही बाहेर पडत नव्हतं. मी फक्त गरजेपेक्षा जास्त श्वास सोडत होतो.

असं झालं तर लगेच थांबा, बसून किंवा आडवं होऊन नाकाने नेहमीसारखा श्वास घ्या. काही मिनिटांत बरं वाटतं. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर मात्र थेट दवाखाना.

कपालभाती करायचीच असेल तर पोट रिकामं हवं. एका फेरीत दहा-अकरा झटके, वेग सेकंदाला एक, मग नेहमीचा श्वास. पोट आत मारून श्वास बाहेर टाकायचा, आत तो आपोआप येतो. खांदे उडत असतील किंवा चेहरा आक्रसत असेल तर जोर चुकीच्या जागी लागतोय. वाढलेलं बीपी, हृदयविकार, हर्निया, फिट्स, काचबिंदू, पोटाचं ताजं ऑपरेशन, गरोदरपण: यांपैकी काहीही असेल तर कपालभाती आणि भस्त्रिका नको, आणि श्वास रोखणंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हा इशारा नवा आहे असं वाटलं? स्वात्मारामानेच लिहून ठेवलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसाच श्वास वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी होते, हेही तिथेच आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे ठाऊक होतं, ते माझ्या व्हिडिओवाल्याने सांगितलं नव्हतं.

आता मी झोपण्याआधी पाच-सहा वेळा भ्रामरी करतो. रूममेट वैतागतो, पण भिंत हलत नाही. भेटू पुढच्या भागात!