निमंत्रणपत्रातील ‘हेतू’ : मँडेल प्रकरणाचा अभ्यास (1962–1972)

परदेशी विद्वानाला परिषदेसाठी बोलावणाऱ्या पत्राला दोन वाचक असतात. एक, ज्याच्या नावे ते लिहिले जाते तो विद्वान. दुसरा, ज्याचे नाव पत्रात कोठेही येत नाही असा वकिलातीतील व्हिसा-अधिकारी. पहिल्याला पत्रातून सन्मान व विषय कळतो. दुसरा त्यात तीन गोष्टी शोधतो : येण्याचा हेतू, राहण्याची मुदत आणि खर्चाची व्यवस्था. या तीन विधानांना पुढे कोणते स्वरूप प्राप्त होऊ शकते, हे अर्नेस्ट मँडेल या बेल्जियन अर्थशास्त्रज्ञाच्या प्रकरणावरून फार स्पष्ट दिसते. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यामुळे त्यातील घटनाक्रम तारखांनिशी उपलब्ध आहे.

मँडेल हे ब्रुसेल्सचे रहिवासी, ‘ला गोश’ या डाव्या समाजवादी साप्ताहिकाचे संपादक आणि मार्क्सवादी अर्थशास्त्रावरील द्विखंडात्मक ग्रंथाचे लेखक. आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नाही, परंतु क्रांतिकारी मार्क्सवादी आहोत, असे ते स्वतः सांगत. अमेरिकेच्या 1952 च्या स्थलांतर कायद्यातील एका कलमानुसार जागतिक साम्यवादाचा पुरस्कार करणारा परकीय मनुष्य व्हिसास अपात्र ठरे. तथापि त्याच कायद्यात पळवाट नव्हे, पण एक दार ठेवलेले होते. परराष्ट्र खात्याने किंवा कॉन्सलने शिफारस केल्यास ॲटर्नी जनरल अशा मनुष्याला तात्पुरत्या प्रवेशापुरती अपात्रतेतून सूट देऊ शकत असे.

मँडेल 1962 मध्ये पत्रकार म्हणून व 1968 मध्ये विद्यापीठांतील व्याख्यानांसाठी अमेरिकेत जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांना आधी अपात्र ठरवून मग सूट देण्यात आली होती. परंतु ही गोष्ट त्यांना त्या वेळी ठाऊक नव्हती असे दिसते. त्यांच्या दृष्टीने त्यांना साधा व्हिसा मिळाला होता. शासनाच्या कागदपत्रांत मात्र तो मर्यादित सूट म्हणून नोंदला गेला होता. पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ या विसंगतीत आहे.

1969 मध्ये स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थी-संघटनेने ‘तंत्रविद्या आणि तिसरे जग’ या विषयावरील परिषदेसाठी मँडेल यांना निमंत्रण धाडले. निमंत्रण म्हणून हे पत्र निर्दोष होते. प्रमुख भाषण जॉन केनेथ गालब्रेथ करणार, त्यानंतरच्या चर्चेत मँडेल यांनी भाग घ्यावा व दुसऱ्या दिवशी स्वतःचे मोठे व्याख्यान द्यावे, इतक्या नेमकेपणाने त्यात काम सांगितले होते. विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कार्यालयाने निमंत्रणास मनःपूर्वक पाठिंबाही दिला होता. त्या आधारावर 8 सप्टेंबर 1969 रोजी मँडेल यांनी ब्रुसेल्स येथील अमेरिकन कॉन्सलकडे सहा दिवसांच्या व्हिसासाठी अर्ज केला. हेतू एक, स्थळ एक, मुदत सहा दिवस : पत्र आणि अर्ज यांत पूर्ण मेळ होता.

मँडेल येणार ही वार्ता पसरताच प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट, कोलंबिया व व्हॅसार येथील प्राध्यापकांची आणि न्यूयॉर्कमधील एका परिषदेची निमंत्रणे त्यांना आली. कार्यक्रम वाढला तेव्हा मँडेल यांनी जुन्या अर्जाच्या आडून ही व्याख्याने उरकण्याचा विचार केला नाही. अधिक विस्तृत प्रवासक्रम व अधिक मुदत नमूद करून त्यांनी दुसरा अर्ज दाखल केला. व्यवहारतः हीच योग्य रीत होय.

23 ऑक्टोबर रोजी पहिला अर्ज नामंजूर झाल्याचे त्यांना तोंडी कळविण्यात आले व 30 ऑक्टोबरच्या पत्राने त्यास लेखी पुष्टी मिळाली. पूर्वीच्या सवलतींची हकीकत त्या पत्रात सांगितलेली होती. परराष्ट्र खात्याच्या 6 नोव्हेंबरच्या पत्राने खरे कारण पुढे आणले. पूर्वीची सूट प्रवासक्रम व नमूद हेतू यांचे पालन करण्याच्या अटीवर होती. 1968 मध्ये मँडेल त्या हेतूच्या बाहेर गेले, म्हणून या वेळी पहिल्या अर्जासाठी सवलत मागितलीच नाही, असे त्यात म्हटले होते. आक्षेप मुख्यत्वे असा की अर्जात दाखविल्यापेक्षा अधिक विद्यापीठांत त्यांनी भाषणे केली. परंतु त्याच पत्रात खात्याने मान्य केले की या अटी मँडेल यांना कदाचित कळविल्या गेल्या नसाव्यात, म्हणून प्रकरणाचा पुनर्विचार चालू आहे. पुढे खात्याने दुसऱ्या अर्जाबाबत सवलतीची शिफारसही केली. तथापि 1 डिसेंबर रोजी नकार आला. 13 फेब्रुवारी 1970 च्या पत्रात स्थलांतर विभागाने ॲटर्नी जनरलच्या वतीने कळविले की 1968 मधील वर्तन नमूद हेतूच्या फार पलीकडे गेले होते; त्यामुळे सवलत उचित नाही. न्यूयॉर्क येथील सभेस मँडेल यांचे भाषण अखेर अटलांटिकपलीकडून दूरध्वनीने ऐकवावे लागले.

येथे भाषेच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे एक रूपांतर घडते. ‘अमुक विद्यापीठांत व्याख्याने देण्यासाठी मी येत आहे’ हे वाक्य लिहिताना माहिती देणारे असते. संग्रही पडल्यावर तेच ‘अन्यत्र बोलणार नाही’ अशा अटीप्रमाणे वाचले जाते. वाक्यात नकार नाही, ‘फक्त’ हा शब्दही नाही; मर्यादा वाचणाऱ्याच्या अधिकारातून येते. ज्याला मर्यादा आहे हे माहीतच नाही, त्याने ती मोडली असे म्हणता येईल काय, हा खरा प्रश्न होता.

मँडेल व अमेरिकन प्राध्यापक यांनी दाखल केलेल्या दाव्यात 1971 मध्ये तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने बहुमताने त्यांच्या बाजूने कौल दिला. 29 जून 1972 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फिरविला. मँडेल यांची भाषणे ऐकण्यात प्राध्यापकांचा घटनासिद्ध हक्क गुंतलेला आहे, हे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी नाकारले नाही. परंतु शासनाने वरकरणी वैध व प्रामाणिक कारण दिले असेल, तर त्यामागे जाऊन न्यायालय पाहणार नाही, असा त्यांनी निर्णय दिला. ते कारण म्हणजे हेतूचे उल्लंघन. न्यायमूर्ती मार्शल यांच्या मते ते निव्वळ सोंग होते, आणि अपात्रतेचे मूळ मँडेल यांच्या मतांत होते हे पाहता या मतभेदाचे वजन कमी होत नाही. तरीही निर्णय त्या एका विधानावर तरला. 1990 मध्ये साम्यवादी मताबद्दलचे ते जुने कलम रद्द झाले. परंतु 2018 मध्येही सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशबंदीच्या खटल्यात या निर्णयाचा आधार घेतला.

या वादात खर्चाचा प्रश्न आला नाही. परंतु तेथेही हेच तत्त्व पुढे दिसते. 1998 च्या अमेरिकन कायद्याने पाहुण्या विद्वानाला मानधन व प्रासंगिक खर्च घेण्यास मुभा दिली, मात्र एका संस्थेत कार्य नऊ दिवसांहून अधिक नसावे आणि मागील सहा महिन्यांत पाचांहून अधिक संस्थांकडून असे मानधन स्वीकारलेले नसावे. म्हणजे ‘आम्ही खर्च देऊ’ या वाक्याचा अर्थ किती दिवसांच्या व कितव्या निमंत्रणात ते आले यावर ठरतो. स्टॅन्फर्डनंतर आलेली निमंत्रणे या मापाने मोजली असती, तर मानधनाचा हिशेब प्रत्येक नव्या पत्राबरोबर बदलला असता.

यावरून पत्रलेखकाच्या हाती काय उरते, ते मर्यादित आहे. निमंत्रण प्रवेशाचा हक्क निर्माण करीत नाही. स्टॅन्फर्डच्या अध्यक्ष-कार्यालयाचा पाठिंबाही तो करू शकला नाही. परंतु परिषदेखेरीज अन्यत्र व्याख्याने होण्याचा संभव असेल, तर तो पत्रातच नमूद करणे, आणि पत्र व अर्ज यांत हेतू, दिवस व संस्था शब्दशः जुळविणे, एवढे निश्चित करता येते. मँडेल यांनी 1969 मध्ये दुसरा अर्ज करून हेच केले होते. त्यांच्याविरुद्ध गेला तो 1968 चा कागद. आणि त्याचा अर्थ त्यांना प्रथम समजला तो एका वर्षानंतर, नकाराच्या पत्रातून.