पाणीपातळी नियंत्रक (दोन सेन्सरांचा)

टाकीतील पाणी खालच्या खुणेपर्यंत उतरले की मोटार चालू करणारी आणि वरच्या खुणेला लागले की बंद करणारी विद्युत यंत्रणा. दोन्ही खुणांच्या मधल्या पट्ट्यात ती आधीचीच स्थिती कायम ठेवते. मोटार चालू असेल तर चालूच राहते, बंद असेल तर बंदच. चालू-बंद होण्याच्या पातळ्यांमधील या अंतराला हिस्टेरेसिस म्हणतात. एकच सेन्सर बसवला, तर पाणी हिंदकळले तरी रिले तडतडतो, आणि प्रत्येक सुरुवातीला नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढणारी मोटार तापत जाते.

आधीची स्थिती लक्षात ठेवण्याचे काम लॅच करतो. शेतातल्या स्टार्टरचे हिरवे बटण सोडल्यावरही मोटार चालू राहते, तोही लॅचच: कॉन्टॅक्टरचा होल्डिंग कॉन्टॅक्ट बटणाला समांतर जोडलेला असतो. टाकीसाठी हिरव्या बटणाच्या जागी खालचा फ्लोट स्विच येतो, जो पाणी उतरल्यावर जुळतो. लाल बटणाच्या जागी वरचा, पाणी चढल्यावर तुटणारा स्विच येतो. वरचा स्विच कॉइलशी सिरीजमध्ये असल्याने दोन्ही सेन्सर परस्परविरोधी सांगू लागले, तरी बंद करणाऱ्याचेच चालते. ही जोडणी म्हणूनच अधिक सुरक्षित.

रेणापूरसारख्या लातूर जिल्ह्यातील गावात खरी अडचण वीज जाण्याची आहे. समजा, टाकी 1000 लिटरची आहे, खुणा 200 आणि 900 लिटरवर आहेत आणि पंप मिनिटाला 30 लिटर चढवतो. सगळे नळ बंद असतील, तर एक फेरी सुमारे 23 मिनिटांची. पाणी 480 लिटरवर असताना वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि लॅच सगळे विसरतो. वीज परतते तेव्हा खालचा स्विच उघडाच असतो, त्यामुळे पाणी 200 लिटरवर येईपर्यंत मोटार लागत नाही. तोवर वीज पुन्हा जाऊ शकते. अशा ठिकाणी खालची खूण 600 लिटरवर उचलावी. फेरी 10 मिनिटांची होते, सुरुवाती वाढतात, पण वीज आली की 600 च्या खालची टाकी आपोआप भरू लागते. खालच्या स्विचला समांतर एक पुश बटणही जोडावे.

फ्लोटऐवजी पाण्यात सोडलेल्या तारांचे प्रोब वापरले, तर बोअरच्या जड पाण्याचा क्षार हा मुख्य शत्रू. प्रोबच्या टोकावर क्षाराची कोरडी पापडी बसली तर वरच्या खुणेचे पाणी जाणवत नाही आणि टाकी वाहते. उलट ओलसर क्षाराची साय तारांमध्ये पूल बांधते, तेव्हा टाकी रिकामी असूनही पंप लागत नाही. अशा वेळी वीज बंद करून खालच्या प्रोबची तार पॅनलमधून सोडवावी व पुन्हा वीज द्यावी. मोटार लागली, तर दोष प्रोबमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. नाही लागली, तर वरचा प्रोब व पॅनल तपासावा. प्रोब स्टेनलेस स्टीलचे असावेत आणि त्यांना एसी पुरवठा असावा, कारण डीसीमुळे धातू झिजतो व थर लवकर बसतो.

हा नियंत्रक फक्त टाकीकडे पाहतो. बोअर आटला, तर वरची खूण कधीच येत नाही आणि मोटार कोरडी चालत राहते. म्हणून उन्हाळ्यात पाणी खोल जाणाऱ्या भागात ड्राय-रन संरक्षण याच कॉइलच्या सिरीजमध्ये वेगळे द्यावे लागते.