सक्करदरा तलावावर विसर्जनाला किती लोक आले? नोंदणी नसलेली गर्दी मोजतात कशी?

अनंत चतुर्दशीच्या रात्री नागपूरच्या सक्करदरा तलावावरचा एक व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर येतो. खाली लिहिलेलं असतं, 'लाखोंचा जनसागर'. थोड्या वेळाने दुसरा कुणी तरी लिहितो, 'कसले लाखो, दोन-तीन हजारही नव्हते'. इथे तिकीट नसतं, पास नसतो, गेटवर नाव लिहून घेणारा कुणी नसतो. मग खरं कोणाचं?

गंमत म्हणजे दोघेही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असू शकतात. 'रात्री ८ वाजता तिथे किती लोक होते?' हा एक प्रश्न. 'संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एकूण किती लोक येऊन गेले?' हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि ती काढायची पद्धतही वेगळी आहे.

पहिला प्रश्न: एका वेळी किती लोक होते?

याचं सूत्र सोपं आहे. जागेचं क्षेत्रफळ घ्या आणि एका माणसाने किती जागा व्यापली आहे, त्याने भागा.

ही पद्धत लोकप्रिय केली ती हर्बर्ट जेकब्स या अमेरिकी पत्रकाराने. १९६०च्या दशकात ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पत्रकारिता शिकवत होते आणि त्यांच्या खिडकीतून विद्यार्थ्यांच्या सभा दिसायच्या. सभेच्या चौकातल्या फरशीवर चौकोन आखलेले होते. काही चौकोनांतले विद्यार्थी मोजून त्यांनी सरासरी काढली आणि तिला एकूण चौकोनांनी गुणलं. त्यातून निघालेले ठोकताळे आजही वापरले जातात:

- विरळ गर्दी, हात पसरता येतील इतकी: एका माणसामागे १० चौरस फूट
- दाट गर्दी, वाट काढत जावं लागेल अशी: ४.५ चौरस फूट
- खच्चून गर्दी, अंगाला अंग लागलेलं: २.५ चौरस फूट

जागा मोजायला टेप घेऊन जायची गरज नाही. संगणकावर गुगल मॅप्स उघडा, जागेच्या एका कोपऱ्यावर राइट क्लिक करून Measure distance निवडा आणि कडेकडेने क्लिक करत पहिल्या बिंदूवर परत या. आकृती पूर्ण झाली की क्षेत्रफळ दिसतं.

सक्करदऱ्याचं उदाहरण

नागपुरात अलीकडच्या वर्षांत तलावात मूर्ती विसर्जित करायला महापालिका मनाई करते आणि काठावर कृत्रिम टाक्या ठेवते. त्यामुळे गर्दी पाण्याच्या कडेला पसरण्याऐवजी टाक्यांभोवती जमते. खालचे आकडे प्रत्यक्ष मोजणीचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत.

समजा, काठावरची मोकळी पट्टी ३०० फूट लांब आणि १२० फूट रुंद आहे. म्हणजे ३६,००० चौरस फूट. पण ही सगळी जागा माणसांची नाही. टाक्या, मंडप, निर्माल्याचे कलश, बॅरिकेड आणि उभ्या गाड्या यांचे ९,००० चौरस फूट वजा केले की उरतात २७,०००. ही वजाबाकी विसरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

दुसरी चूक म्हणजे पूर्ण जागेला एकच दाटी लावणं. टाक्यांजवळ रेटारेटी असते, मागे लोक आइस्क्रीम खात निवांत उभे असतात. म्हणून जागेचे तीन भाग करायचे. टाक्यांजवळच्या ६,००० चौरस फुटांत दाट गर्दी धरली, तर साधारण १,३०० लोक. मधल्या ९,००० चौरस फुटांत विरळ गर्दी, म्हणजे ९०० लोक. मागच्या १२,००० चौरस फुटांत तर माणशी २५ चौरस फूट जागा आहे, तिथे जवळपास ५००.

एकूण झाले २,७००. हा रात्री ८ वाजताचा, म्हणजे ऐन गर्दीच्या वेळचा आकडा आहे. सगळ्या जागेला टाक्यांजवळचीच दाटी लावली असती आणि काहीही वजा केलं नसतं, तर ३६,००० भागिले ४.५ म्हणजे ८,००० लोक निघाले असते. म्हणजे जवळपास तिप्पट. जागा तीच, रात्र तीच, फक्त फोटो पुढच्या बाजूने काढलेला.

दुसरा प्रश्न: दिवसभरात एकूण किती आले?

सभेत लोक येतात, बसतात आणि शेवटी एकत्र उठतात. विसर्जनाला तसं नसतं. एक कुटुंब आरती करून निघतं, त्याच्या जागी दुसरं येतं. म्हणून ८ वाजताचे २,७०० हा एकूण आकडा नाही.

इथे आणखी एक माहिती लागते: एक माणूस सरासरी किती वेळ थांबतो? समजा, दर दोन तासांनी वरच्याच पद्धतीने गर्दी मोजली. दुपारी ४ वाजता ५००, ६ वाजता १,५००, ८ वाजता २,७००, १० वाजता १,४०० आणि १२ वाजता ३००. या आठ तासांत तिथे सरासरी साधारण १,५०० लोक होते. परतणाऱ्यांना विचारून कळलं की माणूस सरासरी ४० मिनिटं थांबतो. म्हणजे ८ तासांत (४८० मिनिटांत) ही गर्दी १२ वेळा बदलली. १,५०० गुणिले १२, म्हणजे १८,००० लोक.

आता थांबण्याचा वेळ ४० ऐवजी ६० मिनिटं धरून पाहा. एकूण आकडा १२,००० वर येतो. ३० मिनिटं धरला, तर २४,००० वर जातो. म्हणून 'एकूण इतके आले' असं कुणी सांगितलं, की 'सरासरी किती वेळ थांबले असं धरलंय?' हा प्रश्न विचारायलाच हवा.

वाटेवर उभं राहून मोजलं तर?

ही उलटतपासणीची पद्धत आहे. तलावाकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर दोन माणसं उभी करायची. एक आत जाणारे मोजेल, दुसरा बाहेर पडणारे. सलग आठ तास कुणी मोजू शकत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं मोजायचं आणि आलेल्या आकड्याला ६ ने गुणायचं.

समजा, सगळ्या वाटा मिळून या पाच-पाच मिनिटांत आत जाणारे ३,३०० लोक मोजले गेले. सहाने गुणलं की १९,८००. पण सक्करदऱ्याच्या रस्त्यांवर रोजची वर्दळ असतेच. कुणी नुसतं घरी चाललेलं असतं, कुणी गाडी लावून दुसऱ्यांदा आत येतं. म्हणून दर विसाव्या माणसाला थांबवून विचारायचं, 'विसर्जनाला आलात का? पहिल्यांदाच आत जाताय का?' शंभरातले १२ जण वगळावे लागले, तर उरतात सुमारे १७,४००. आधीच्या पद्धतीने १८,००० आले होते. दोन वेगळ्या वाटांनी इतकं जवळचं उत्तर आलं, तर '१५ ते २० हजार' असं म्हणायला हरकत नाही. नेमकं '१७,४२४' लिहिलं, तर ती खोटी अचूकता झाली.

'आत गेले वजा बाहेर आले' इथे लोक फसतात

वाटेवरच्या मोजणीतून पहिल्या प्रश्नाचंही उत्तर काढायचा मोह होतो. समजा, ४ वाजता ५०० लोक होते, ८ पर्यंत १०,६०० आत गेले आणि ८,५०० बाहेर पडले. उरले २,६००. काठावरच्या २,७०० शी हे जुळतं.

आता असं समजा की ढोल-ताशाच्या गोंगाटात आत जाणाऱ्यांपैकी फक्त ५ टक्के माणसं मोजायची राहिली. म्हणजे ५३० माणसं कमी. मग हिशेब येतो २,०७० वर. मोजणीत ५ टक्के चूक झाली आणि उत्तर २० टक्क्यांनी हललं, कारण इथे दोन मोठे आकडे एकमेकांतून वजा होतात आणि चूक मात्र तशीच उरते. म्हणून एका वेळची गर्दी क्षेत्रफळावरून काढायची आणि एकूण आकडा वाटेवरच्या मोजणीवरून. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही.

मग पोलीस आणि आयोजकांच्या आकड्यांत इतका फरक का?

कधी कधी कुणीच खोटं बोलत नसतं. हाँगकाँगमध्ये १६ जून २०१९ रोजी निघालेल्या मोर्चात सुमारे २० लाख लोक होते, असं आयोजकांनी सांगितलं. पोलिसांचा आकडा होता ३ लाख ३८ हजार. पण तो मोर्चाच्या मूळ मार्गावर ऐन गर्दीच्या वेळी असलेल्या लोकांचा होता, तर आयोजक दिवसभरातले सगळे मोजत होते. खरा आकडा कोणता, हा वाद यातून सुटत नाही. पण दोन आकडे शेजारी ठेवून एकाला खोटं ठरवता येत नाही, एवढं नक्की.

नागपुरात दीक्षाभूमीलाही हेच लागू पडतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लोक फक्त त्या एका दिवशी येत नाहीत. आधीपासून येऊ लागतात, स्तूपाचं दर्शन घेतात, पुस्तकं घेतात आणि परततात. 'मैदानात इतके लोक मावतच नाहीत' म्हणून एकूण आकडा खोटा ठरवणं चुकीचं आहे. मैदानाची क्षमता एका वेळची मर्यादा सांगते, येऊन गेलेल्यांची नाही.

फॉरवर्ड आलेला दावा घरबसल्या कसा तपासाल?

उलटा हिशेब करा. 'सक्करदरा चौकात एका वेळी १ लाख लोक' असा दावा आला, तर दाट गर्दीतही त्यांना साडेचार लाख चौरस फूट जागा लागेल. रस्ता ८० फूट रुंद धरला, तर तो १.७ किलोमीटरपर्यंत कडेपासून कडेपर्यंत भरलेला हवा. खच्चून गर्दी धरली, तरी जवळपास ९५० मीटर. व्हिडिओत तेवढी लांबी दिसते का, ते नकाशावर पाहा.

फोटो माणसाच्या उंचीवरून घेतला असेल, तर सावध राहा. त्यात पुढची डोकी मागच्या मोकळ्या जागा झाकतात. उंचावरून सरळ खाली घेतलेल्या फोटोत त्या जागा दिसतात. फोटो किती वाजताचा आहे हेही बघा. ८ वाजताचा आणि १० वाजताचा फोटो एकाच रात्रीच्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

एकूण आकड्यापेक्षा दाटी महत्त्वाची

गर्दीचे अभ्यासक साधारण एक चौरस मीटरमध्ये पाचपेक्षा जास्त माणसं हा धोक्याचा इशारा मानतात. त्यापुढे माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी त्याला नेते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसं गेली. तिथे लाखोंची सभा नव्हती, एक अरुंद जिना होता.

सक्करदऱ्याच्या आपल्या उदाहरणात १८,००० हा आकडा बातमीच्या मथळ्यात जाईल. पण बंदोबस्तावरच्या पोलिसाला आणि टाकीजवळच्या स्वयंसेवकाला लक्ष ठेवावं लागेल ते त्या ६,००० चौरस फुटांवर. तिथल्या १,३०० माणसांची २,५०० झाली, तर जेकब्स यांची 'खच्चून' पातळी ओलांडली जाते आणि दाटी चौरस मीटरमागे साडेचार माणसांच्या आसपास पोहोचते. एकूण आकडा जराही न बदलता हे होऊ शकतं. मागून येणारी वाट तेव्हाच थांबवायची असते.