क्लिअरन्सची कुळकथा

शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन हे चार शब्द फार्मसीचा प्रत्येक विद्यार्थी एका दमात म्हणतो. अमेरिकी शास्त्रज्ञ एइनो नेल्सन यांनी १९६१ मध्ये ‘जर्नल ऑफ फार्मास्युटिकल सायन्सेस’मधल्या लेखाच्या शीर्षकातच ते याच क्रमाने मांडले. शोषणाने औषध रक्तात येते, वितरणाने ऊतींत पसरते आणि उरलेल्या दोन वाटांनी ते शरीरातून नाहीसे होते. ही नाहीसे होण्याची क्षमता मोजणारी कल्पना मात्र जुनी आहे, आणि ती औषधांसाठी जन्मलेलीच नव्हती.

१९२८च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात डोनाल्ड व्हॅन स्लाइक आणि सहकारी मूत्रपिंडाचे काम मोजत होते. समजा, मिनिटाला १५ मिलिग्रॅम युरिया लघवीत उतरतो आणि रक्ताच्या दर मिलिलिटरमध्ये ०.२ मिलिग्रॅम युरिया आहे. म्हणजे मिनिटाला ७५ मिलिलिटर रक्तातला युरिया निघून गेला. हाच क्लिअरन्स. तेवढे रक्त खरोखर वेगळे काढून धुतले जात नाही. ते हिशेबातले आकारमान आहे.

१९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या माल्कम रोलँड, लेस्ली बेनेट आणि गॅरी ग्रॅहम यांनी ही कल्पना औषधांच्या एकूण हिशेबाच्या केंद्रस्थानी आणली. त्यातून अर्धायुष्याकडे पाहण्याची रीत बदलली:

t½ = 0.693 × V ÷ CL

V म्हणजे वितरणाचे आकारमान, CL म्हणजे क्लिअरन्स. अर्धायुष्य वाढले म्हणजे यकृत थकले, असे लगेच म्हणता येत नाही. V वाढूनही तेच होते.

१९७५ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या अभ्यासात हे डायझेपॅमबाबत लख्ख दिसले. विशीतल्या निरोगी माणसात अर्धायुष्य सुमारे २० तास, ऐंशीच्या घरात सुमारे ९०. क्लिअरन्स मात्र वयानुसार फारसा बदलला नाही. तो मिनिटाला २५ मिलिलिटर, म्हणजे तासाला १.५ लिटर धरा. सूत्रानुसार V विशीत ४३ लिटर येतो, ऐंशीत १९५. मेदात विरघळणारे हे औषध म्हातारपणी अधिक दूरवर पसरते.

रोजची मात्रा सारखी ठेवली, तर रक्तातली सरासरी स्थिर पातळी ‘मात्रेचा वेग ÷ CL’ इतकी असते. म्हणून दोघांतही ती सारखीच येईल. पण तिथे पोचायला साधारण पाच अर्धायुष्ये लागतात: तरुणाला चार दिवस, वृद्धाला जवळजवळ एकोणीस. वृद्धाची आठवड्याभरातली पातळी पाहून मात्रा वाढवली, तर पुढे औषध साचून गुंगी येते. शिवाय त्यांचा मेंदू या औषधाला अधिक संवेदनशील असतो, आणि ते हे सूत्र सांगत नाही.

त्याच अभ्यासातल्या सिऱ्होसिसच्या रुग्णांत क्लिअरन्सच जवळपास निम्म्यावर आला होता. तिथे तीच मात्रा दुप्पट पातळी गाठते, म्हणून ती कमी करावीच लागते. नेहमीची मात्रा क्लिअरन्सवरून ठरवावी. किती दिवस वाट पाहायची, ते अर्धायुष्याला विचारावे.