मेटा बदलला
* मेटा बदलला : सातारा-सांगलीची मुले असे म्हणतात ते २०२१ साली भारतात आलेल्या ‘बीजीएमआय’ या खेळाबद्दल. त्या-त्या वेळी सर्वांत फायद्याची ठरणारी शस्त्रे आणि डावपेच म्हणजे मेटा. शस्त्रांची श्रेणीवार यादी ती टियर लिस्ट. अपडेटमध्ये कंपनी बंदुकीचे आकडे बदलते, पण दर बदलाने यादी हलत नाही. खेळाडूची हेल्थ १०० असते. समजा, चिलखत नसताना एका गोळीने ४० जाते; तर मारायला तीन गोळ्या लागतात. ४० चे ४८ केले तरी तीनच. ५० झाले की दोन पुरतात आणि बंदूक एकदम वर चढते. म्हणून नुसत्या वाढलेल्या आकड्यावर विसंबणारी यादी मला कच्ची वाटते. चिलखताने मार घटतो, तेव्हा हा हिशेब त्याच्यासह पुन्हा मांडावा लागतो. — संपा.